व्हॉट्सॲप कॉल मिनिटाला किती डेटा खातो? 28 दिवस, 2 जीबीचा हिशेब

बोईसरजवळच्या कुंभवलीत आणि तारापूर एमआयडीसीच्या आसपासच्या खोल्यांमध्ये परराज्यांतून आलेले हजारो कामगार राहतात. पाळी संपली की गावाकडे कॉल लागतो आणि बहुतेकदा तो व्हिडिओ कॉल असतो. जुलै 2024 मध्ये रिचार्ज महागल्यापासून अनेकांनी रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन सोडून 28 दिवसांसाठी एकूण 2 जीबीचा स्वस्त प्लॅन घेतला आहे. त्यानंतर डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणे बंधनकारक केले. या रिचार्जमध्ये डेटा नसतो, म्हणजे वायफाय नसेल तर व्हॉट्सॲप कॉल लागतच नाही.

2 जीबीला 28 ने भागले तर दिवसाला साधारण 73 एमबी मिळतात. एवढ्यात किती बोलता येईल?

आवाज कमी, वेष्टन जास्त

इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे बारीक तुकडे करून पाठवले जातात. साधारणपणे सेकंदाला 50 तुकडे जातात. आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून तो 24 केबीपीएसने पाठवला, तर एका तुकड्यात 60 बाइट आवाज असतो. पण प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक लिहावा लागतो. आयपीव्ही6 नेटवर्कवर या वेष्टनाचेच 60 बाइट होतात. म्हणजे तुमचा निम्मा डेटा पाकिटावर जातो.

एका तुकड्याचे एकूण 120 बाइट, म्हणून सेकंदाला 6,000 बाइट. तेवढेच समोरून येतात. मिनिटाला हिशेब होतो सुमारे 0.72 एमबी आणि तासाला 43 एमबी. रोज एक तास बोललात तर 28 दिवसांत 1.2 जीबी संपतील. ॲप आणि नेटवर्कप्रमाणे आकडा थोडा मागेपुढे होईल.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. ‘कॉल तिकडून आला, माझा डेटा कशाला जाईल?’ साध्या फोनची ही सवय इथे लागू पडत नाही. कॉल कोणीही लावला तरी दोन्ही फोनवर येणारा आणि जाणारा असा दोन्ही डेटा मोजला जातो.

व्हिडिओचे गणित मात्र वेगळेच आहे. दोन्ही बाजूंना 500 केबीपीएस धरले तरी मिनिटाला साडेसात एमबी जातात. दहा मिनिटे मुलांचे चेहरे पाहिले की त्या दिवसाचे 73 एमबी संपलेच. त्यामुळे दोन मिनिटे व्हिडिओ पाहून, मग कॉलमध्येच कॅमेरा बंद करून पुढे बोलणे हीच सगळ्यात मोठी बचत.

सेटिंग कुठे आहे?

व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Storage and data उघडा. तिथे Use less data for calls हा पर्याय सुरू करा. डेटा कमी करण्याचे मार्ग दोनच: आवाज जास्त दाबायचा किंवा तुकडे मोठे करून पाकिटे कमी करायची. समजा आवाज 16 केबीपीएसवर आणला आणि तुकडे एक तृतीयांश केले, तर मिनिटाचा खर्च 0.36 एमबीवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर येतो. त्याची किंमतही आहे. आवाज थोडा दबका होतो, किंचित उशिरा पोहोचतो आणि एक तुकडा हरवला की अख्खे अक्षर गळते. रेंज कमी असलेल्या खोलीत हे लगेच जाणवते.

फरक पडला का, हे स्वतः मोजता येते. त्याच पानावर Network usage मध्ये कॉलचा पाठवलेला आणि आलेला डेटा वेगळा दिसतो. आकडे आधी Reset करा, दहा मिनिटे बोला आणि पुन्हा पाहा. आकडा सात-आठ एमबीच्या आसपास असेल, तर पॅक संपण्याचा दोष कॉलचा नाही. ग्रुपवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होत असतील. तेही याच Storage and data पानावरून बंद करता येतात.

रोजचा डेटा संपल्यावर?

रोजच्या दीड-दोन जीबीच्या अनेक प्लॅनमध्ये मर्यादा संपली की वेग 64 केबीपीएसवर येतो. वरच्या हिशेबात एका दिशेला 48 केबीपीएस लागतात. म्हणजे आवाजाचा कॉल कसाबसा चालू शकतो, व्हिडिओ नाही. अट एकच, त्या वेळी मागे दुसरे काही सुरू नको. एखादा फोटो उतरू लागला तरी आवाज तुटतो. अशा वेळी अँड्रॉइडमधला Data Saver सुरू करून ठेवा.

आणि देशातल्या देशात फक्त बोलायचेच असेल, तर रिचार्जमधला अमर्यादित साधा कॉल लावा. तो 4जीवरून गेला तरी डेटा पॅकमधून काहीही कापले जात नाही.