बोटांचे तीन रंग

हिवाळ्यात फजरच्या वुजूसाठी थंड पाण्यात हात घातला, की काही जणींची बोटे एकाएकी पांढरी पडतात. थोड्या वेळाने ती निळसर होतात आणि हातांना ऊब मिळाली की लाल होऊन ठणकू लागतात. घरात कुणी याला अशक्तपणा म्हणते, कुणी नजर लागली म्हणते. खरे कारण रक्तवाहिन्यांत असते. थंडी लागताच बोटांतल्या बारीक धमन्या प्रमाणाबाहेर आवळतात. रक्त थांबले म्हणून बोट पांढरे, उरलेल्या रक्तातला प्राणवायू संपला म्हणून निळे आणि रक्त परत धावले म्हणून लाल. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून याला रेनोचा त्रास म्हणतात.

समजा, एकाच घरात मायलेकी दोघींना हा त्रास आहे. मुलगी अठरा वर्षांची. तिची दोन्ही हातांची बोटे सारखीच पांढरी होतात आणि ऊब मिळाल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होतात. जखम नाही, बाकी तब्येत उत्तम. हा बहुधा साधा प्रकार. तरुण मुलींत तो बराच आढळतो आणि त्यामागे दुसरा आजार नसतो. डॉक्टरांना एकदा दाखवून खात्री करून घ्यावी, इतकेच.

अम्मी बेचाळीस वर्षांच्या. त्यांना हा त्रास यंदाच सुरू झाला. एका हाताला जास्त होतो, दुखतेही फार. बोटाच्या टोकावरची बारीक जखम महिना झाला तरी भरत नाही. बोटे सुजल्याने अंगठी निघत नाही, कातडी ताणल्यासारखी झाली आहे. छातीत जळजळ होते, जिना चढताना दम लागतो. वेगवेगळ्या वाटणाऱ्या या तक्रारी एकत्र मांडल्या, की स्क्लेरोडर्माची शंका येते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. कातडी कडक होत जाते, अन्ननलिका आणि फुप्फुसेही सापडू शकतात. सांधेदुखी, गालांवर चट्टे, तोंडात वारंवार फोड असतील तर ल्युपसचाही विचार होतो.

अशा वेळी संधिवाततज्ज्ञांकडे जावे. ते नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहतात आणि एएनए ही रक्ततपासणी करायला सांगतात. मात्र निरोगी माणसातही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे नुसता रिपोर्ट पाहून घाबरू नये.

दोघींनीही वुजूला कोमट पाणी घ्यावे आणि हात लगेच कोरडे करावेत. बधिर बोटे शेगडीवर धरू नयेत, भाजलेले कळत नाही. तंबाखू आणि सिगारेटने धमन्या आणखी आवळतात. अर्धशिशीच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही त्रास वाढतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत, आपल्या मनाने बंद करू नयेत. ऊब देऊनही बोट पांढरे किंवा निळेच राहिले, काळे पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.