रिझल्टच्या स्क्रीनशॉटमधला ७.१७ म्हणजे नेमके किती टक्के?

संध्याकाळी निकाल लागतो आणि तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट फिरायला लागतात. त्यानंतर ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "अरे, याचे टक्के किती झाले?" कोणी सांगतं दहाने गुण, कोणी सांगतं साडेनऊने. एखादा शहाणा कुठल्यातरी साइटची लिंक टाकतो आणि तिथे तिसरंच उत्तर येतं.

गंमत म्हणून हे ठीक आहे. पण इंटर्नशिपच्या किंवा प्लेसमेंटच्या फॉर्मवर "किमान ६० टक्के" अशी अट असते, तेव्हा या गुणाकारावर बरंच काही ठरतं. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. डोंबिवलीत राहणारा, ठाण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणारा, मुंबई विद्यापीठाच्या जुन्या क्रेडिट पद्धतीतला एक विद्यार्थी धरा. चौथ्या सेमिस्टरचा निकाल त्याच्या हातात आहे. विद्यार्थी आणि त्याचे मार्क आम्ही उदाहरणासाठी घेतलेत, नियम मात्र खरे आहेत.

स्क्रीनशॉटमध्ये काय शोधायचं?

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक विषयापुढे मार्क असतात, मग ग्रेड, मग ग्रेड पॉइंट आणि त्या विषयाचे क्रेडिट. शेवटचा रकाना या दोघांच्या गुणाकाराचा. आपल्याला हवेत ते हे शेवटचे तीन रकाने. आणि स्क्रीनशॉट काढताना नेमके तेच कापले जातात, कारण मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर ते मावत नाहीत.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या या पद्धतीत ८० किंवा जास्त मार्क म्हणजे १० पॉइंट, ७५ च्या वर ९, ७० च्या वर ८. त्याखाली पायऱ्या रुंद होतात. ६० ते ६९ ला ७, ५० ते ५९ ला ६, मग ४५ च्या वर ५ आणि ४० च्या वर ४. त्याखाली शून्य, म्हणजे केटी.

आपल्या विद्यार्थ्याचा चौथा सेमिस्टर असा आहे:

| विषय | मार्क | पॉइंट | क्रेडिट | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| थिअरी १ | ६२/१०० | ७ | ४ | २८ |
| थिअरी २ | ५८/१०० | ६ | ४ | २४ |
| थिअरी ३ | ७१/१०० | ८ | ३ | २४ |
| थिअरी ४ | ४७/१०० | ५ | ३ | १५ |
| प्रॅक्टिकल १ | ४०/५० | १० | २ | २० |
| प्रॅक्टिकल २ | ३८/५० | ९ | २ | १८ |

गुणाकारांची बेरीज १२९, क्रेडिटची बेरीज १८. भागाकार ७.१७. हाच त्या सेमिस्टरचा एसजीपीआय. (काही कॉलेजं याला एसजीपीए म्हणतात, गोष्ट एकच आहे.)

आता क्रेडिट न बघता नुसत्या पॉइंटची सरासरी काढली असती तर? सहा विषयांचे ४५ पॉइंट, भागिले ६, म्हणजे ७.५. उत्तर फुगलं, कारण चांगले मार्क प्रॅक्टिकलला आहेत आणि त्यांना क्रेडिट कमी आहेत. ज्या थिअरीत तो अडखळला तिचं वजन जास्त आहे.

क्रेडिटचा रकाना कापला गेलेला असेल, तर कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक विषयाचे क्रेडिट मिळतात. आणि आपलं गणित बरोबर आहे का, ते तपासायची एक सोपी युक्ती आहे: छापलेला एसजीपीआय गुणिले एकूण क्रेडिट करून बघा. ७.१७ गुणिले १८ म्हणजे १२९.०६, जवळपास पूर्ण १२९. उत्तर ७.१७ च्या ऐवजी ७.१९ आलं असतं, तर गुणाकार १२९.४२ झाला असता. पॉइंट आणि क्रेडिट दोन्ही पूर्णांक असताना बेरीज अशी मधेच लटकू शकत नाही, म्हणजे कुठेतरी आकडा चुकलाय. (काही प्रॅक्टिकलना दीड क्रेडिट असतो, तिथे बेरीज अर्ध्यावर थांबू शकते.)

चार सेमिस्टरची सरासरी काढताना हीच चूक पुन्हा होते

या विद्यार्थ्याचे चार एसजीपीआय असे: ५.७५, ६.६८, ७.६५ आणि ७.१७. बहुतेक जण काय करतात? चारही मिळवायचे आणि चारने भागायचे. उत्तर येतं ६.८१.

पण समजा त्याच्या पहिल्या सेमिस्टरला २४ क्रेडिट होते, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २० आणि चौथ्याला आपण पाहिले ते १८. मग प्रत्येक सेमिस्टरची गुणाकारांची बेरीज अनुक्रमे १३८, १४७, १५३ आणि १२९. एकूण ५६७. एकूण क्रेडिट ८४.

```
सीजीपीआय = ५६७ ÷ ८४ = ६.७५
```

६.८१ नाही, ६.७५. पहिलं सेमिस्टर खराब गेलं आणि नेमकं तेच सगळ्यात जड होतं. हा सहा शतांशांचा फरक किरकोळ वाटेल, पण पुढे बघा.

सगळ्या सेमिस्टरला क्रेडिट सारखे असतील तर मात्र साधी सरासरीही बरोबर येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत बीए, बीकॉम, बीएस्सीला सहसा प्रत्येक सेमिस्टरला २२ क्रेडिट आहेत. तिथे सगळे एसजीपीए मिळवून सेमिस्टरच्या संख्येने भागलं तरी चालतं. "माझ्या बहिणीनं तर असंच काढलं होतं" हे वाक्य यामुळेच खरंही असतं आणि आपल्या उपयोगाचंही नसतं.

केटी असेल तर त्या विषयाचे पॉइंट शून्य, पण क्रेडिट बेरजेत राहतात. केटी सुटल्यावर त्या सेमिस्टरचा आकडा बदलतो, त्यामुळे गॅलरीत जपून ठेवलेला जुना स्क्रीनशॉट हिशेबाला घेऊ नका.

आता टक्के. दहाने गुणलं तर काय बिघडतं?

प्रत्येक विषयात बरोबर ६० मार्क मिळवणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला सगळीकडे ७ पॉइंट, म्हणून सीजीपीआय ७. दहाने गुणलं की ७० टक्के. एकाही विषयात ७० न मिळवता तिला ७० टक्के मिळाले. आपल्या विद्यार्थ्याचं चौथं सेमिस्टर घ्या: मार्कांची थेट बेरीज ५०० पैकी ३१६, म्हणजे ६३.२ टक्के. दहाने गुणून येतात ७१.७.

साडेनऊचा गुणाकार आला सीबीएसईच्या दहावीतून. तिथे सीजीपीए पद्धत होती तेव्हा बोर्डानेच तो सांगितला होता. त्या बोर्डाच्या, त्या परीक्षेच्या ग्रेडसाठी तो ठीक होता. पदवीच्या निकालाशी त्याचा काही संबंध नाही. मी स्वतः मास मीडियाला असताना एका फॉर्मवर साडेनऊने गुणून टक्के लिहिले होते आणि पडताळणीत ते कसे काढले, हे विचारल्यावर माझ्याकडे "मैत्रिणीनं सांगितलं" याशिवाय उत्तर नव्हतं.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या या पद्धतीसाठी वापरलं जाणारं सूत्र असं आहे:

```
सीजीपीआय ७ पेक्षा कमी : टक्के = ७.१ × सीजीपीआय + १२
सीजीपीआय ७ किंवा जास्त : टक्के = ७.४ × सीजीपीआय + १२
```

हे आकडे विचित्र वाटतात, पण वरच्या पायऱ्यांशी ताडून बघितलं की कळतात. ७ पॉइंटला सूत्र ६३.८ टक्के देतं आणि ७ पॉइंटची पायरी आहे ६० ते ६९ ची. ८ पॉइंटला ७१.२, पायरी ७० ते ७४ ची. सूत्र प्रत्येक पायरीच्या आत कुठेतरी पाऊल ठेवतं, दहाचा गुणाकार तसं करत नाही.

यात काही गोष्टी हरवतातच. ६२ ला ७ आणि ६९ लाही ७, मग पॉइंटवरून मूळ मार्क परत मिळणार कसे? सगळीकडे ९५ मिळवणाऱ्याचाही सीजीपीआय १० आणि सूत्राने त्याचे टक्के ८६. शिवाय सातच्या रेषेवर उडी आहे. ६.९९ ला ६१.६३ टक्के, ७.०० ला थेट ६३.८. एक शतांश पॉइंटने दोन टक्क्यांहून जास्त फरक पडतो, हे मला तरी पटत नाही.

६० च्या अटीवर आपला विद्यार्थी कुठे आहे?

सीजीपीआय ६.७५. सूत्राने ५९.९३ टक्के. म्हणजे अट हुकली, सात शतांशाने. साध्या सरासरीचे ६.८१ धरले असते तर ६०.३५ आले असते आणि त्याने बिनधास्त फॉर्म भरला असता.

आता इंटरनेटवरची बाकी सूत्रं लावा. ७.१ च्या गुणाकारात १२ ऐवजी ११ मिळवायचे असंही एक सूत्र फिरतं, त्याने ५८.९३ येतात. ७.२५ ने गुणून ११ मिळवले तर ५९.९४. तंत्रशिक्षण परिषदेच्या म्हणजे एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे बरोबर ६० टक्के. साडेनऊने ६४.१३ आणि दहाने ६७.५. विद्यार्थी एकच, निकाल एकच. यातला सोयीचा आकडा निवडायचा मोह होणारच, पण कंपनी किंवा पुढचं कॉलेज कागद तपासतं तेव्हा ते ज्या विद्यापीठाची गुणपत्रिका त्याच विद्यापीठाचं सूत्र धरतं.

आणि "मुंबई विद्यापीठाचं सूत्र" असं एकच नाही. जुन्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत ६० ते ६९ ला ८ पॉइंट होते, इंजिनीअरिंगला ७. त्याआधी काही वर्षं सात पॉइंटचीच पद्धत होती. तिथे १० मिळणं शक्यच नव्हतं, ७ म्हणजे सर्वोत्तम. ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला यांसारखी कॉलेजं आता स्वायत्त आहेत आणि निकाल स्वतः लावतात. त्यामुळे वरचं सूत्र बीकॉमच्या मैत्रिणीला पाठवू नका.

तुमच्या बॅचचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बघा. तिथे नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात तुमचा अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं वर्ष सांगून परिपत्रक मागा. त्याची प्रत फॉर्मसोबत जोडा. फॉर्ममध्ये सीजीपीए लिहायची सोय असेल, तर टक्के काढूच नका, छापलेला आकडा लिहा. काही ठिकाणी अटच "६० टक्के किंवा ६ सीजीपीए" अशी असते आणि तिथे आपला ६.७५ वाला विद्यार्थी आरामात बसतो.

तशी अट नसेल, तर गुणपत्रिकांवर मार्क छापलेले आहेत का, ते त्याने बघावं. चौथ्या सेमिस्टरला ५०० पैकी ३१६ होते. बाकी तीन सेमिस्टरची बेरीज करून थेट टक्के चालतील का, हे फॉर्म भरण्याआधी ईमेल करून विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं.