व्यवहारदर्शन : एक मण, तीन वजने

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये तत्त्वार्थसूत्राने ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक दोष सांगितला आहे. ‘मान’ म्हणजे धान्य मोजण्याचे माप आणि ‘उन्मान’ म्हणजे तराजूने तोलावयाचे वजन. घेताना मोठ्या मापाने घेणे आणि देताना लहान मापाने देणे, असा त्याचा आशय आहे. परंतु ज्या काळी प्रत्येक बाजारपेठेचा शेर निराळा होता, त्या काळी कोणते माप लहान आणि कोणते मोठे हे कशावरून ठरवावयाचे? व्यापारी प्रामाणिक असला, तरी परगावच्या ग्राहकाला त्याची खात्री पटविण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. भारतात दशमान वजनमापे आली, त्यामागील खरी अडचण ही होती.

‘मण’ या शब्दाचेच उदाहरण घ्यावे. चाळीस शेरांचा एक मण हे कोष्टक सर्वांच्या परिचयाचे होते. मात्र इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता. मद्रासचा मण २५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११.३ किलोग्रॅमचा, तर बंगालमध्ये आणि रेल्वेच्या व्यवहारात चालणारा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता. मुंबईच्या पेढीने कलकत्त्याला दहा मण मालाची मागणी पत्राने कळविली आणि कोणता मण ते लिहिण्याचे राहून गेले, तर तिच्या मनात १२७ किलो असत आणि समोरचा आडत्या ३७३ किलो समजत असे. दोघांचेही हिशेब आपापल्या परीने बिनचूक असूनही तंटा उभा राहू शकत होता.

खंडीची स्थितीही तशीच होती. मुंबईत सर्वसाधारण मालाची खंडी २० मणांची. पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे मुंबईच्या २८ मणांइतकी होती. एकाच शहरात माल बदलला की खंडी बदलत असे.

वजनापेक्षा अधिक गोंधळ मापात होता. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत धान्य तोलले जात नसे, मापले जात असे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली आणि पुढे मण व खंडी, अशी ही चढण होती. पायलीत किती धान्य मावते हे गावागणिक बदलत असे. शिवाय माप काठोकाठ सपाट करावयाचे की वर शीग लावावयाची, हाही प्रश्न असे. माप रुंद तोंडाचे असले की शीग मोठी होते, अरुंद तोंडाचे असले की लहान. धान्य हलके ओतले की कमी मावते, माप हलवून भरले की अधिक मावते. त्यामुळे एकाच पायलीने दोन माणसांनी मापलेले धान्य तराजूत सारखे उतरेलच असे नाही. धान्य उसने घेऊन सुगीला परत करणाऱ्या शेतकऱ्याला या फरकाची झळ थेट पोहोचत असे आणि ती सिद्ध करणे त्याला जवळजवळ अशक्य होते.

हिशेबाचीही अडचण होती. सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण, सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी मुखोद्गत असलेला दिवाणजी हा हिशेब क्षणात करी. परंतु समोरच्या ग्राहकाला तो पडताळून पाहता येत नसे. हिशेब केवळ एकाच पक्षाला येतो, तेथे दुसऱ्या पक्षाला विश्वासावरच विसंबावे लागते.

सुधारणेचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. किलोग्रॅमइतक्या वजनाचा शेर ठरविणारा कायदा १८७१ साली संमत झाला, पण तो अंमलात आला नाही. १९३९ च्या कायद्याने तोळा, शेर आणि मण यांची प्रमाण वजने ठरविली. तथापि खरा पालट स्वातंत्र्यानंतर घडला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक प्रदेशांत व उद्योगांत दशमान वजने सुरू झाली. काही काळ जुनी व नवी वजने शेजारी शेजारी वापरात राहिली. टप्प्याटप्प्याने १९६२ पर्यंत जुनी वजने कायद्याने बाद झाली.

या संक्रमणात एक सूक्ष्म घोटाळा दडलेला होता. ८० तोळ्यांचा शेर हा ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून सुमारे सात टक्क्यांनी मोठा. समजा, एखादी डाळ बारा आणे शेर होती. बारा आणे म्हणजे ७५ नवे पैसे. त्या दराने किलोचा रास्त भाव ८० पैशांहून किंचित अधिक येतो. दुकानदाराने ८० पैसे सांगितले तर ग्राहकाला वाटे, भाव वाढविला. उलट कोणी ९० पैसे सांगितले, तर त्यातली रास्त वाढ किती आणि संधिसाधूपणा किती हे ओळखण्यासाठी वरील त्रैराशिक मांडावे लागे. शेर आणि किलो साधारण सारखेच, असे मानणारा ग्राहक दोन्ही प्रसंगी चुकत असे.

नव्या व्यवस्थेचे बळ केवळ शून्ये वाढविण्यात नव्हते. पूर्वीचा शेर त्या त्या पेठेच्या वहिवाटीने ठरे. नव्या किलोला मात्र वंशावळ होती. फ्रान्समधील मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ठेवण्यात आली. तिच्याशी ताडून संदर्भ वजने, त्यांच्याशी ताडून दुय्यम वजने, त्यांवरून निरीक्षकाजवळची कार्यकारी वजने आणि अखेर दुकानातील षट्कोनी बिडाचे वजन, अशी ही साखळी आहे. बिडाचे वजन झिजते. म्हणून त्याच्या खोबणीत शिसे भरून ते बरोबर केले जाते व त्याच शिशावर पडताळणीची मोहर उमटविली जाते. शिसे उकरलेले किंवा मोहर पुसलेली दिसली, तर त्या वजनाची पुन्हा पडताळणी झाल्याखेरीज त्यावर विसंबता येत नाही.

जुनी मापे पूर्णपणे लोपली असे मात्र नाही. कापसाचे भाव आजही खंडीवर सांगितले जातात. पण ती खंडी आता ३५५.६ किलोग्रॅमची, म्हणजे त्याच ७८४ पौंडांची, सर्वत्र एक समजली जाते. सोन्याच्या पेढीवर ‘तोळा’ म्हटले की बहुधा दहा ग्रॅम अभिप्रेत असतात, जरी जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या जुन्या दागिन्यांची यादी तोळ्यांत लिहिलेली असेल, तर दहा तोळे म्हणजे शंभर ग्रॅम की जवळजवळ ११७ ग्रॅम, हे यादीच्या काळावरून पाहावे लागते. वाटणीच्या वेळी घरातल्या घरात उद्भवणारा संशय अनेकदा एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तराने मिटू शकतो.