पुलाची पाटी पुलावरच का?

रेल्वे फलाटावर एक सूचना हमखास दिसते : रूळ ओलांडणे गुन्हा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 147 त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. कायदा बरोबरच आहे. माझे भांडण वेगळे आहे. रुळांवर उतरू नका हे जागोजागी लिहिणाऱ्यांनी पूल कुठल्या बाजूला आहे, हे डब्यासमोर का लिहू नये?

एका जंक्शनवर मला आणि अम्मीला दुसरी गाडी पकडायला बारा मिनिटे होती. हातात वीस किलोची बॅग. आमचा डबा इंजिनापासून तेरावा. उतरून गर्दी गेली त्या दिशेला चार डबे मागे गेलो. ती गर्दी बाहेर जाणाऱ्यांची होती. पूल होता तिसऱ्या डब्यासमोर. एक डबा साधारण चोवीस मीटरचा. म्हणजे दहा डब्यांचे अंतर 240 मीटर, ओझे घेऊन चार मिनिटे. चुकीच्या दिशेने जाऊन परत येण्यात आणखी तीन मिनिटांहून जास्त गेली. मग अम्मीला सांभाळत जिना चढणे-उतरणे. पलीकडे पोहोचलो तेव्हा शेवटच्या डब्याची पाठ दिसली.

"वेळ ठेवून तिकीट काढायचे ना?" असे लोक म्हणतात. पण वेळ होती; ती आम्ही दिशा शोधण्यात घालवली.

पूल की भुयारी मार्ग, हेही कुणी सांगत नाही. विजेच्या तारांवरून जायचे म्हणून पूल उंच बांधावा लागतो, चाळीसेक पायऱ्या होतात. भुयाराला फक्त रुळांखालून माणसाच्या उंचीएवढी वाट लागते, म्हणून पायऱ्या बऱ्याच कमी. जड बॅग असेल तर भुयार थोडे लांब असले तरी परवडते. मात्र ते आपल्या फलाटावर उघडते का, आणि पावसात पाणी तर साचले नाही ना, हे आधी विचारावे लागते.

आता मी स्टेशन येण्याआधीच चहावाल्याला विचारते, "पूल इंजिनाकडे की मागे?" आतून जाता येत असेल तर गाडी थांबण्यापूर्वीच त्या बाजूच्या डब्यात सरकते. पण मधल्या स्टेशनवर इंजिन दुसऱ्या टोकाला लागले, तर हे उत्तरही उलटे होते. शिवाय पहिल्यांदाच प्रवास करणाऱ्या म्हाताऱ्या बाईने हे सगळे का जाणून असावे?

दर दोन डब्यांच्या अंतरावर खांबावर एक बाण आणि "पूल : 150 मीटर" एवढेच लिहा. फलाट जागचा हलत नाही, पूलही हलत नाही. एकदा रंगवले की झाले. तोवर रूळ ओलांडणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याआधी, त्याला वाट दाखवली होती का, हे आधी विचारा.