कागदावरचं ‘नॉर्मल’ आणि त्यावरची तारीख

आमच्या वस्तीतल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाची ही गोष्ट आहे. पावसाळ्यात त्याला थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनच्या गोळ्या तीन दिवस आणि प्रायमाक्विनची पंधरा मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस, असा नेहमीचा डोस मिळाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला लघवी झाली ती बिनदुधाच्या चहासारखी काळपट. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे, जिना चढताना धाप. शेजारणीने कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. आईने तो बाजूला ठेवून मुलाला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला, म्हणून तो वाचला. तापाच्या पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन १३ होतं, ते ७ वर आलं होतं.

डॉक्टरांनी गोळी लगेच बंद केली. शंका बरोबर घेतली आणि नवव्या दिवशी जीसिक्सपीडीची तपासणी केली. रिपोर्टवर एकच शब्द आला, ‘नॉर्मल’. रक्त चढवावं लागलं नाही, हिमोग्लोबिन वर येत होतं, मुलगा घरी आला. फाइलमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘मलेरियामुळे रक्तक्षय’.

अडीच महिन्यांनी त्याला परत ताप आला, परत व्हायवॅक्स. या मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी उठतात. त्यांना मारण्यासाठीच प्रायमाक्विन असतं, आणि त्याचा तो कोर्स अर्धाच राहिला होता. या वेळी दवाखाना दुसरा होता. तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडली, ‘नॉर्मल’ वाचलं आणि तीच गोळी परत लिहून दिली. आईला धीर होईना. ती गोळ्यांचं पाकीट न फोडता फाइल घेऊन माझ्याकडे आली. “ताई, मागच्या वेळी याच गोळीनंतर लघवी काळी झाली होती. पण रिपोर्ट तर चांगला आहे म्हणतात. देऊ का?”

मी सांगितलं, “माई, गोळी थांबवा. आपण आत्ताच डॉक्टरांकडे परत जाऊ.” रिपोर्ट खोटा नव्हता. तो चुकीच्या दिवशी घेतला होता. हा फरक नीट कळावा म्हणून हा लेख.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे जीसिक्सपीडी, हे रक्तातल्या लाल पेशींमधलं एक विकर आहे, पेशीचं रक्षण करणारं रसायन म्हणा. प्रायमाक्विन, कुष्ठरोगात दिलं जाणारं डॅप्सोन, कपड्यांतल्या डांबरगोळ्या अशा काही गोष्टींचा पेशीवर जो मारा होतो, तो या विकरामुळे पेशी सोसते. काहींच्यात हे विकर जन्मापासून कमी असतं. दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलग्याला तो आईकडून येतो. मुलग्यांत एक्स एकच असल्यामुळे तो त्यांच्यात ठळक दिसतो. एरवी अशी माणसं ठणठणीत असतात. गोळी पोटात गेली की पेशी फुटतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन लघवीतून बाहेर पडतं. लघवीचा काळपट रंग तोच.

आता मुद्द्याची गोष्ट. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं विकर बनवू शकत नाही. टॉर्चमधल्या सेलसारखं समजा. जन्माला येताना जेवढं भरून आणलं, तेवढ्यावरच शेवटपर्यंत काढायचं. म्हणून एकाच माणसाच्या रक्तात ताज्या पेशीत विकर जास्त असतं आणि जुन्या पेशीत कमी. ज्याच्यात दोष आहे, त्याच्या पेशींत हा सेल फार लवकर उतरतो. गोळीचा मारा झाला की आधी मरतात त्या उतरलेल्या, जुन्या पेशी. तगतात त्या ताज्या. शिवाय रक्त कमी झालं म्हणून अस्थिमज्जा घाईघाईने कोवळ्या पेशी रक्तात सोडते. त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात आणि त्यांच्यात विकर सगळ्यांत जास्त असतं.

एक हिशोब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. निरोगी पेशीला १०० गुण द्या. आपल्या मुलाच्या १०० पेशींत ८० जुन्या, प्रत्येकी १० गुणांच्या, आणि २० ताज्या, प्रत्येकी ५० गुणांच्या. एकूण १,८०० गुण, सरासरी १८. आता ५० जुन्या पेशी फुटल्या. उरल्या ३० जुन्या, त्यांचे ३०० गुण. २० ताज्या, त्यांचे १,०००. वर अस्थिमज्जेने २० कोवळ्या पाठवल्या, प्रत्येकी ६० गुणांच्या, त्यांचे १,२००. आता ७० पेशींत २,५०० गुण, सरासरी जवळजवळ ३६. माणूस तोच, दोष तोच, पण सरासरी दुप्पट झाली. मेलेल्या पेशी साक्ष द्यायला हजरच नाहीत.

आणि आपल्याकडे जी सोपी तपासणी होते, तिच्यात रक्ताचा थेंब रसायनात मिसळून कागदावर ठेवतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. चमकला तर विकर पुरेसं, चमकला नाही तर कमी. हा थेंब अंधारा राहतो तो विकर नेहमीच्या साधारण ३० टक्क्यांखाली असेल तरच. १८ गुणांचा मुलगा नापास होईल, ३६ गुणांचा पास होऊन ‘नॉर्मल’ ठरेल. आकड्यात मोजणाऱ्या तपासणीतही हाच घोळ होतो, कारण तीसुद्धा त्या दिवशी जिवंत असलेल्या पेशींचाच हिशोब देते. रक्त चढवलं असेल तर आणखी गोंधळ, मग अर्धी तपासणी रक्तदात्याचीच होते.

हे काही नवं ज्ञान नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग झाले. संवेदनशील ठरलेल्या कृष्णवर्णीय कैद्यांना रोज ३० मिलिग्रॅम गोळी दिली तेव्हा त्यांचं रक्त आठवडाभर उतरत गेलं. मग गोळी चालू असतानाच ते परत वर आलं. जुन्या पेशी मरून गेल्या होत्या आणि उरलेल्या कोवळ्या पेशी तगत होत्या. मूळ दोष या विकराचा आहे हे १९५६ मध्ये समजलं. बंदिवान माणसांच्या शरीरावर किंमत मोजून मिळालेलं हे ज्ञान आहे. सत्तर वर्षांनंतरही ते आपल्या डिस्चार्ज कार्डावर उतरत नसेल, तर माझी तक्रार त्याबद्दल आहे.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, प्रत्येक वेळी रिपोर्ट फसवतोच असं नाही. दोषाचे प्रकार अनेक आहेत. भूमध्यसागरी म्हणून ओळखला जाणारा प्रकार आपल्याकडेही सापडतो. त्यात कोवळ्या पेशींतही विकर फारच कमी असतं, म्हणून भर आजारातही तपासणी ‘कमी’ अशीच येऊ शकते. फसगत जास्त होते ती मध्यम दोषात. म्हणून नियम सोपा आहे. आजारात रिपोर्ट ‘कमी’ आला तर तो धरून चाला. ‘नॉर्मल’ आला तर दोष नाही असं मानू नका. दोन, बायकांची गोष्ट वेगळी आहे. ज्या बाईच्या दोनपैकी एका एक्सवर दोष आहे, तिच्या रक्तात चांगल्या आणि दोषी अशा दोन्ही पेशी एकत्र असतात. गोळीने दोषी मरतात, चांगल्या उरतात, आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. एरवीही तिची सरासरी ३० टक्क्यांच्या वर असल्यामुळे चमकणारी तपासणी तिला अनेकदा पकडत नाही. बाईसाठी आकड्यात मोजणारी तपासणीच मागा.

मग त्या मुलाच्या फाइलमध्ये मी काय पाहिलं? आधी दोन तारखा. लघवी काळी झाली तो दिवस आणि रक्त घेतलं तो दिवस. मध्ये जेमतेम सहा दिवस होते. मग त्याच दिवसाच्या रक्ताच्या रिपोर्टवर रेटिक्युलोसाइटचा आकडा. तो १६ टक्के होता. मोठ्या माणसात तो साधारण अडीच टक्क्यांपर्यंत असतो. एवढ्या कोवळ्या पेशी असताना निरोगी माणसाचं विकर नेहमीपेक्षा जास्त भरायला हवं. तेव्हा नुसतं ‘नॉर्मल’ हीच शंकेची खूण. तिसरी गोष्ट, रक्त चढवल्याची नोंद आहे का. ती नव्हती.

डॉक्टरांनी फाइल पाहिली, ऐकून घेतलं आणि त्या वेळी नुसतं क्लोरोक्विन दिलं. ताप उतरला. पहिल्या आजारानंतर चार महिने झाल्यावर, हिमोग्लोबिन १३ आणि रेटिक्युलोसाइट १.२ टक्के असताना, आकड्यात मोजणारी तपासणी केली. विकर निघालं १.९ युनिट प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन. त्या प्रयोगशाळेत नॉर्मल ६.४ पासून सुरू होत होतं. म्हणजे दोष पहिल्यापासून होता, फाइल त्याला चार महिने निर्दोष म्हणत होती. धाकट्या भावाचीही तपासणी केली, त्याचंही कमी निघालं. तो आजारी पडलेला नव्हता, म्हणून त्याचा रिपोर्ट पहिल्याच वेळी खरा आला. शंका असेल तेव्हा सख्ख्या भावाचं रक्त तपासणं ही चांगली वाट आहे, तीन महिने थांबावं लागत नाही. मात्र भावाचं नॉर्मल निघालं म्हणून आजारी माणूस सुटला असं नाही. त्याच्याकडे आईचा दुसरा एक्स आलेला असू शकतो.

अशा माणसाला मलेरियाचा पुढचा उपाय नाही असंही नाही. रोजच्या चौदा गोळ्यांऐवजी आठवड्यातून एकदा वजनाप्रमाणे प्रायमाक्विन, असं आठ आठवडे, रक्तावर बारीक लक्ष ठेवून देता येतं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरी मनाने नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पेशी फुटण्याच्या आजारात किंवा त्यानंतर लगेच घेतलेल्या जीसिक्सपीडी रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ छापून देऊ नये. त्याखाली एक ओळ हवी: ‘तीव्र रक्तविघटनाच्या काळातील नमुना, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.’ रक्त चढवलं असेल तर तीन महिने शेवटच्या बाटलीपासून मोजावेत. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख आणि तोवर टाळायच्या औषधांची नावं मराठीत लिहून द्यावीत. शाईचा खर्च सोडला तर याला पैसा लागत नाही. आज ही आठवण ठेवायचं काम रोजंदारी बुडवून दोन दवाखाने फिरणाऱ्या आईवर पडलं आहे. ती आई विचारायला आली नसती तर?

तुमच्या घरात कुणाला गोळीनंतर काळी लघवी झाली असेल आणि फाइलमध्ये ‘नॉर्मल’ असेल, तर त्या दोन तारखा शोधा. मध्ये तीन महिने नसतील, तर तपासणी अजून व्हायची आहे असं समजा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तोंडी सांगा.