चालता धंदा की चालती फसवणूक?

आमच्या तालुक्याच्या गावी हल्ली एक नवा दलाल वर्ग निपजला आहे. बैलांचे दलाल होते, जमिनींचे होते. आता टपऱ्यांचे झाले. एस. टी. स्टँडजवळची चहाची टपरी, शाळेसमोरचे वह्यापुस्तकांचे खोके, दोन खोल्यांतला शिकवणीचा वर्ग, जे काही चालते आहे ते विकावयास काढावयाचे आणि खेड्यातल्या माणसास सांगावयाचे, "चालती गादी आहे, नुसते येऊन बसा." दुसरीकडे व्यासपीठावरचे वक्ते सांगतात, "शून्यातून उभे राहा." या दोन्ही उपदेशांचा हिशेब आम्ही आज मांडणार आहोत, कारण दोन्हीकडे बुडतो तो म्हैस विकून पैसा आणणारा आमचाच माणूस.

समजा, एका शेतकरी जोडप्यास चहाची टपरी सांगून आली आहे. विकणारा म्हणतो, रोज ३०० कप खपतात, कपास १० रुपये. अडीच लाख रुपये द्या आणि किल्ली घ्या. या ३०० कपांस पुरावा काय? तर दोन दिवस येऊन गर्दी पाहा. वाचकहो, गर्दी उभी करता येते. सोयरेधायरे बोलावता येतात, आठवडी बाजाराचा दिवस दाखविता येतो. परंतु दुधास खोटे बोलता येत नाही. एका लिटर दुधात तितकेच पाणी घातले, थोडे आटले, तर लहान कपाने सुमारे २३ कप चहा होतो. म्हणजे ३०० कपांस रोज १३ लिटर दूध पाहिजे. तेव्हा विकणाऱ्याचे तोंड पाहू नये, त्याच्या दूधवाल्याची वही पाहावी, आणि तीही तीन महिन्यांची. तिच्यात रोजचे ७ लिटर निघाले, तर खप १६० कपांचा आहे. गॅसच्या टाक्यांच्या पावत्या आणि कागदी कपांची खोकी हीच साक्ष देतील. जो विकणारा ही वही दाखविण्यास कुरकुर करतो, त्याने आपला जबाब दिलाच असे समजावे.

आता १६० कपांचा हिशेब. गल्ल्यात रोज १६०० रुपये येतात. दूध ४२०, चहाची पूड १८०, साखर ७५, गॅस २२५, आले व कप १००, एकूण १०००. भाव गावोगाव थोडे मागेपुढे होतील, रीत हीच. उरले ६००. हे ६०० रुपये नफा आहेत काय? मुळीच नाहीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत दोन माणसे राबतात. तीच दुसऱ्याकडे कामास गेली, तर माणशी ३०० रुपये त्यांना मिळालेच असते. म्हणजे ही त्यांची मजुरी झाली. मजुरी वजा जाता या गादीचा नफा शून्य. ज्या धंद्यात मजुरीपलीकडे काही उरत नाही, त्याच्या नावलौकिकाबद्दल लाखांनी पैसे मोजणे म्हणजे स्वतःच्याच मजुरीसाठी दुसऱ्यास खंडणी देणे होय.

मग शून्यातून उभे राहणे बरे काय? त्याचाही हिशेब वक्त्यांनी लपविला आहे. नवी टपरी, भांडी, शेगडी मिळून ७०,००० रुपये धरू. पण गिऱ्हाईक पहिल्या दिवशी येत नाही. सहा महिने सरासरी निम्माच खप झाला, तर रोज ३०० रुपये कमी पडतात. महिन्याचे २६ दिवस धरता सहा महिन्यांची तूट ४६,८०० रुपये होते. ही तूट भरण्यास जवळ पैसा नसला, म्हणजे चौथ्या महिन्यात माणूस सावकाराच्या दारी जातो आणि गिऱ्हाईक जमू लागण्याच्या सुमारास टपरीस कुलूप लागते. धंदा वाईट म्हणून तो बुडत नाही, वाट पाहण्याचे पैसे नव्हते म्हणून बुडतो.

यातूनच चालत्या टपरीची खरी किंमत निघते. जुने सामान आज बाजारात ४०,००० रुपयांचे असेल, आणि वाट पाहण्याचे ४६,८०० वाचणार असतील, तर ८६,८०० ही शेवटची मर्यादा झाली. अडीच लाख कोठे आणि हे कोठे! आणि ही मर्यादादेखील जागा व गिऱ्हाईक दोन्ही हाती येतील तरच.

जागेचे काय? शहराच्या रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याखाली मिळणारे विक्री प्रमाणपत्र दुसऱ्यास विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. विक्रेता वारला, कायमचा पंगू झाला किंवा आजारी पडला तरच त्याच्या जागी त्याच्या पतिपत्नीस वा अवलंबून असलेल्या मुलास विक्री करता येते. मग मुद्रांकावर "जागेसह हक्क दिला" असे लिहून देणारा काय विकतो? जे त्याचे नाही ते विकतो. उद्या नगरपालिकेची गाडी आली, तर तो कागद दाखवून टपरी वाचणार नाही. खाद्यपदार्थांची नोंदणीही विकणाऱ्याबरोबरच राहते. ती आपल्या नावाने नव्याने करावी लागते.

गिऱ्हाईक तरी येते काय? पुष्कळदा ते माणसास बांधलेले असते. पैसे घेऊन विकणाऱ्याने वीस पावलांवर दुसरी टपरी टाकली, की गिऱ्हाईक तिकडे. याला औषध आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने कोणाचा धंदा बंद पाडणारा करार रद्दबातल ठरतो. परंतु नावलौकिक विकणाऱ्याने ठराविक व वाजवी हद्दीत तोच धंदा न करण्याचे लिहून दिले, तर ते त्याच कलमाने चालते. तेव्हा हे लिहून घ्यावे. रकमेचा तिसरा हिस्सा आधी द्यावा, विकणाऱ्यास महिनाभर शेजारी बसवावे, आणि उरलेली रक्कम खप टिकेल तशी हप्त्याने द्यावी. त्याची जुनी देणी त्याच्याच माथी राहतील हेही लिहावे. आणि गिऱ्हाइकांकडील उधारीची वही तर फुकट मिळाली तरच घ्यावी.

शिकवणीच्या वर्गाविषयी आम्ही मास्तर असल्यामुळे दोन शब्द अधिकाराने लिहितो. वर्ग म्हणजे बाके नव्हेत, मास्तर होय. तो गेला की मुले जातात. त्यातून एक कावा असा की, वर्षाची फी जूनमध्ये घेऊन वर्ग दिवाळीत विकावयाचा. घेणाऱ्याच्या वाट्यास चाळीस मुले येतात, परीक्षेपर्यंत शिकविण्याचे ओझे येते आणि पैसा मात्र एकही येत नाही. वर्ग घेणाऱ्याने प्रथम फीच्या पावत्या मागाव्यात, आणि घेतलेली पण न शिकविलेली फी किमतीतून वजा करावी.

आमचा माणूस कष्टात कोणास हार जात नाही. तो हरतो कागदात. दलालास हे पुरते ठाऊक आहे, म्हणूनच तो घाईने इसार मागतो आणि "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे" म्हणतो. त्यास एकच उत्तर द्यावे: ते गिऱ्हाईक खुशाल येऊ दे, आम्ही आधी दूधवाल्याची वही पाहतो.