‘किंवा’ या शब्दाची किंमत

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हॉस्टेलवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पॅकेज किती?’ नोटीस पिरियड किती, हे कोणी विचारतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्याइतकाच नीट वाचण्यासारखा परिच्छेद कोणता असेल, तर तो राजीनाम्याचा.

तिथे साधारणपणे दोनपैकी एक वाक्य असतं. पहिलं असं: ‘दोन्ही पक्षांना 90 दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार देऊन करार संपवता येईल.’ इथे निवड तुमची आहे. थांबा, नाहीतर पैसे भरून मोकळे व्हा. यालाच बायआउट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात याच वाक्याला एक शेपूट असतं: ‘पगार घेऊन लवकर सोडणे कंपनीच्या मर्जीवर राहील.’ एवढ्याने तुमचा हक्क जातो आणि उरते ती फक्त विनंती. अशी कंपनी पैसे नाकारू शकते. जबरदस्तीने काम मात्र ती करून घेऊ शकत नाही. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यानुसार नोकरीचा करार कोर्ट सक्तीने पाळायला लावत नाही. कंपनी भरपाई मागू शकते. पण खरी अडचण होते ती रिलीव्हिंग लेटर अडकतं तेव्हा.

आता हिशेब पाहू. समजा, एकाचा महिन्याचा एकूण पगार 60,000 रुपये आणि त्यातला मूळ पगार, म्हणजे बेसिक, 24,000 आहे. नोटीस 90 दिवसांची. त्याने 40 दिवस काम केलं आणि 12 दिवसांची शिल्लक रजा वळती करून घेतली. उरले 38 दिवस. बेसिकवर हिशेब केला तर दिवसाला 800 प्रमाणे 30,400 रुपये होतात. एकूण पगारावर केला तर दिवसाला 2,000 प्रमाणे 76,000! करारात नुसतं ‘पगार’ लिहिलं असेल तर भांडण इथेच होतं. म्हणून कोणता पगार आणि रजा वळती होते की नाही, हे सही करण्याआधीच मेलवर विचारून घ्यावं. या रकमेवर जीएसटी लावला तर हरकत घ्या; तो लागत नाही, हे सरकारने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. नवी कंपनी पैसे भरून देणार असेल तर तिची अटही वाचा, कारण वर्षाच्या आत सोडल्यास ते परत मागितले जाण्याची शक्यता असते.

गार्डन लीव्ह हा उलटा प्रकार. राजीनामा दिल्यावर कंपनी सांगते, उद्यापासून येऊ नका, लॅपटॉप जमा करा, पगार चालू राहील. ऐकायला मजा वाटते, पण त्या काळात तुम्ही तिचेच नोकर असता. दुसरीकडे रुजू झालात तर पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात आणि पुढच्या पडताळणीत ते लगेच दिसतं. मात्र नोकरी संपल्यानंतरही तीन महिने घरी बसवणारं कलम वेगळं. व्हीएफएस ग्लोबल विरुद्ध सुप्रीत रॉय या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असं कलम 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमाविरुद्ध जात असल्याचं म्हटलं. तेव्हा ‘गार्डन लीव्ह’ हे नाव न बघता तारीख बघा: नोकरी संपण्याआधीची की नंतरची?

शेवटचा मुद्दा मंजुरीचा. मॅनेजर कॅन्टीनमध्ये ‘जा रे, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणाला, म्हणजे मंजुरी मिळाली असं होत नाही. एचआरकडून लेखी हवं. त्याचा मजकूर असा असावा:

‘आपला दि. 2 जूनचा राजीनामा स्वीकारला आहे. 90 दिवसांच्या नोटिशीपैकी आपण 40 दिवस काम केले असून 12 दिवस शिल्लक रजेत वळते केले आहेत. उरलेल्या 38 दिवसांबद्दल मूळ पगाराच्या दराने रु. 30,400 अंतिम हिशेबातून वजा करून आपणांस दि. 11 जुलै रोजी कामकाज संपल्यावर सेवामुक्त करण्यात येत आहे. यानंतर नोटीस कालावधीबाबत कंपनीचे कोणतेही येणे राहणार नाही.’

पैसे माफ केले असतील तर ‘वजा करून’च्या जागी ‘उरलेल्या 38 दिवसांची अट माफ करून’ असं यायला हवं. शेवटचं वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू देऊ नका. त्याच्याशिवाय तीन महिन्यांनी वसुलीचं पत्र येऊ शकतं.

आपल्या सरांच्या आणि मॅडमच्या नेमणूकपत्रातही असा परिच्छेद असतोच. त्यांनीही एकदा कपाटातून काढून बघावा, की त्यात ‘किंवा’ आहे की ‘मर्जी’.